टेस्टोस्टेरॉन २१२ आणि डबीतल्या केसांच्या गोळ्या

मी नाशिकमध्ये त्वचारोगाची प्रॅक्टिस करते आणि द्राक्षांच्या सीझनमध्ये दिंडोरी, पिंपळगावकडचे पेशंट जरा कमीच येतात, कारण तेव्हा कुणालाच वेळ नसतो. त्यामुळे भर फेब्रुवारीत दिंडोरीकडच्या एका पॅकहाऊसमध्ये हिशेब बघणारी २५ वर्षांची मुलगी आई आणि मामाला घेऊन आली तेव्हाच वाटलं की काहीतरी गंभीर आहे. नाव बदलून मेघना म्हणते.

बसायच्या आधीच मामांनी फाईल पुढे केली. "मॅडम, ट्यूमर असू शकतो म्हणालेत. गुरुवारी पोटाचा सीटी स्कॅन आहे, त्याआधी केसांचं एकदा तुम्हाला दाखवून घ्यावं म्हटलं." आईच्या डोळ्यात पाणी होतंच. मेघना मात्र ओढणी डोक्यावर घेऊन गप्प.

रिपोर्ट खरंच घाबरवणारा होता. टोटल टेस्टोस्टेरॉन २१२ नॅनोग्रॅम, बायकांमध्ये ते साधारण ५०-६० च्या आत असतं आणि १५०-२०० च्या पुढे गेलं की अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनलमध्ये गाठ तर नाही ना हे बघावंच लागतं, म्हणजे सीटी लिहिणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. शिवाय टीएसएच ०.०८ आणि टी-फोर वाढलेलं, म्हणजे थायरॉईड जोरात चाललंय असं दिसत होतं. त्यासाठीची गोळी पण लिहून दिली होती, नशीब की अजून सुरू केली नव्हती.

मी फाईल बाजूला ठेवली आणि आधी डोकं बघितलं. पुढे भांग पाडला तर रुंद, टाळू दिसत होती, आणि मागे मानेच्या वर भांग पाडला तर बारीक रेघ. कपाळावरची केसांची रेषा जागच्या जागी. साठेक केसांची बट धरून ओढली तर दोनच केस हातात आले. म्हणजे टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर मूठमूठ गळतात तसलं हे गळणं नव्हतं, इथे वरचे केस वर्ष-दोन वर्षांत हळूहळू बारीक होत गेले होते. डर्मोस्कोपखाली एकाच जागी जाड, मध्यम आणि लव असे तिन्ही प्रकारचे केस शेजारी शेजारी दिसले. हनुवटीखाली थोडे राठ केस होते, थ्रेडिंग करते म्हणाली. पाळी दहावीपासूनच ४५-६० दिवसांनी. इथपर्यंतचं सगळं पीसीओएसचं, म्हणजे लोक पीसीओडी म्हणतात त्याचंच, नेहमीचं चित्र.

पण २१२ काही केल्या बसेना. टेस्टोस्टेरॉन खरंच एवढं असेल तर आवाज घोगरा होतो, दाढीमिशीसारखे केस काही महिन्यांत झपाट्याने येतात, आणि हिचा आवाज तर एकदम गोड. थायरॉईड एवढं जोरात असेल तर वजन उतरतं, हात थरथरतात, छातीत धडधडतं. हिची नाडी ७६, हात स्थिर आणि वजन वर्षात सहा किलो वाढलेलं. मग परत रिपोर्ट घेतला आणि सगळे आकडे एकाखाली एक लिहून काढले, तेव्हा दिसलं की टीएसएच, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन सगळे खाली आणि टेस्टोस्टेरॉन, टी-फोर, डीएचईए-एस सगळे वर. एकाच पोरीला एवढे आजार एकदम कसे होतील?

"काही गोळ्या चालू आहेत का?" "नाही मॅडम." हे उत्तर नेहमीचंच. म्हणून मी परत विचारलं, केसांसाठी काही? तर आईने पिशवीतून डबी काढली. "हे काय, हे औषध थोडीच आहे, हे तर व्हिटॅमिन." बायोटिन, एका गोळीत १०,००० मायक्रोग्रॅम, आणि फरक पडेना म्हणून मेघना रोज दोन घेत होती. आपली रोजची गरज ३०-४० मायक्रोग्रॅमची. रक्त दिलं त्या सकाळी पण दुधाबरोबर घेऊनच लॅबला गेली होती.

मामांना मी पंगतीचं उदाहरण दिलं. हार्मोन मोजणाऱ्या बऱ्याच मशीनमध्ये रसायनं जागेवर पकडून ठेवायला बायोटिनचाच चिकटपणा वापरतात. रक्तात बाहेरून ढीगभर बायोटिन आलं की ते बिनबोलावलेल्या पाहुण्यांसारखं पाटांवर जाऊन बसतं आणि खऱ्या पाहुण्यांना जागाच उरत नाही. टीएसएच, एलएच, प्रोलॅक्टिनसारख्या टेस्टमध्ये बसलेली माणसं मोजतात, म्हणून आकडा खोटा कमी येतो. टेस्टोस्टेरॉन, टी-फोरची टेस्ट उलटी चालते, जितके कमी बसलेले तितकं हार्मोन जास्त असं मशीन धरतं, म्हणून आकडा खोटा वाढतो. सगळ्याच मशीनमध्ये हे होतं असं नाही, काही कंपन्यांनी नवीन किटमध्ये हे सुधारलंय, पण आपलं रक्त कुठल्या मशीनवर चाललंय हे पेशंटला काय माहीत असणार. लॅबचाही यात दोष नव्हता, त्यांना कुणी गोळीबद्दल सांगितलंच नव्हतं.

सीटी लिहिलेल्या डॉक्टरांना तिथूनच फोन केला, ते लगेच म्हणाले आधी रिपीट करू. बायोटिन पूर्ण बंद. दोन-तीन दिवसही बऱ्याचदा पुरतात पण डोस मोठा होता म्हणून मी आठवडा थांबले, आणि तेवढ्यात तिची पाळी आली ते बरंच झालं, कारण १७-ओएच प्रोजेस्टेरॉन पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत सकाळी लवकर काढलेलं चांगलं. ही टेस्ट लोक गाळतात. अ‍ॅड्रिनलचा एक जन्मजात आजार हुबेहूब पीसीओएससारखा दिसतो, तो हिच्यावरूनच कळतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर मात्र आठवड्याने भागत नाही, टेस्टोस्टेरॉन तपासायच्या आधी त्या साधारण तीन महिने बंद लागतात, नाहीतर रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो. मेघना त्या घेत नव्हती.

पाळीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आठला रक्त दिलं. टेस्टोस्टेरॉन ७१. टीएसएच २.६, प्रोलॅक्टिन नॉर्मल, १७-ओएच ९०, म्हणजे २०० च्या बरंच खाली. टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं एसएचबीजी २२, ते कमी असलं की मोकळं टेस्टोस्टेरॉन जास्त फिरतं. दोन्हींचा हिशेब केल्यावर फ्री अँड्रोजन इंडेक्स, म्हणजे मोकळ्या पुरुषी हार्मोनचा अंदाज, ११ आला, मी ५ च्या वर जास्त धरते. 'फ्री टेस्टोस्टेरॉन' म्हणून वेगळी महागडी टेस्ट पॅकेजमध्ये असते, साध्या किटवरची ती फार भरवशाची नसते, त्यापेक्षा हा हिशेब बरा.

सीटी कॅन्सल. थायरॉईडची गोळी कॅन्सल.

आईचा लगेच प्रश्न, "पण सोनोग्राफी तर नॉर्मल आहे, मग पीसीओडी कसं?" तीनपैकी दोन गोष्टी लागतात हो काकू. पाळी अनियमित, अँड्रोजन जास्त, आणि सोनोग्राफीत तशी अंडाशयं. पहिल्या दोन असल्या आणि बाकीचे आजार नाहीत हे बघून झालं की सोनोग्राफी काय म्हणते याने फरक पडत नाही. एलएच-एफएसएचच्या रेशोवरूनही मी निदान करत नाही.

ग्लुकोज पिऊन दोन तासांची शुगर १४८ आली, म्हणजे डायबिटिसच्या आधीची पायरी, आणि खरं सांगायचं तर केसांपेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटली. फेरिटिन ९ होतं, म्हणजे लोह पण संपलेलं. लोहाच्या गोळ्या, भांगावर लावायला मिनोक्सिडिल, आणि पाळी-शुगरसाठी गायनॅककडे पाठवलं.

सहा महिन्यांनी आली तेव्हा जुन्या फोटोशेजारी नवीन फोटो ठेवला. भांग थोडा अरुंद झालाय, फार नाही, पण गळणं वाढलेलं नाही. तिचं तिलाच ते पटलं, यावेळी ओढणी खांद्यावर होती. निघताना मी आईला विचारलं उरलेल्या गोळ्यांचं काय केलं, तर म्हणाली, "अकराशेची डबी हो मॅडम, फेकवेना. जास्वंदीच्या कुंडीत घातल्या."