तुम्ही विचारलंत म्हणून : चाल, धाव आणि पावलांचा मेळ

“चालण्याची क्लिप स्वतंत्रपणे चांगली दिसते, धावण्याचीही चांगली दिसते, मग दोन्ही ब्लेंड करताना पाय का अडखळतात? दोन्ही एकाच सिंक ग्रुपमध्ये तर आहेत!”

ब्लेंड म्हणजे सांध्यांच्या कोनांची सरासरी. एका क्लिपमध्ये डावी मांडी पुढे गेलेली असेल आणि त्याच क्षणी दुसरीत ती मागे असेल, तर सरासरीत ती मधोमध लटकते. उजव्या मांडीचेही तेच होते, आणि पात्र दोन्ही पाय आखडून सरपटल्यासारखे दिसते. ब्लेंडचा वेळ कमी केला तर हा दोष झाकला जातो, सुटत नाही. मी स्वतः असे पुष्कळ दिवस झाकत राहिलो होतो.

मी अनरियल इंजिनमध्ये काम करतो, म्हणून तिथलेच सांगतो. सिंक ग्रुपमध्ये ज्या क्लिपचे वजन सर्वांत जास्त ती सामान्यतः अग्रणी ठरते आणि बाकीच्या क्लिपा तिच्यामागे चालतात. परंतु क्लिपांवर पावलांच्या खुणा करणारे मार्कर नसतील, तर हे मागे चालणे केवळ टक्केवारीने होते : अग्रणी क्लिप २० टक्के पुढे गेली असेल, तर दुसरीही आपल्या लांबीच्या २० टक्क्यांवर नेली जाते. तिथे कोणते पाऊल जमिनीवर आहे, हे ग्रुपला ठाऊकच नसते.

माझ्यासमोर आलेली एक जोडी पाहा. चालण्याची क्लिप ३० फ्रेमची होती. डावे पाऊल फ्रेम ० वर टेकत होते, उजवे १५ वर. धावण्याची क्लिप २० फ्रेमची होती, पण कापणाऱ्याने ती मधूनच सुरू केल्यामुळे डावे पाऊल ६ वर टेकत होते आणि उजवे १६ वर. चाल फ्रेम ६ वर असताना टक्केवारीच्या हिशेबाने धाव फ्रेम ४ वर जाते. म्हणजे चालीतल्या डाव्या पावलावर शरीराचा भार आलेला आहे आणि धावेतले डावे पाऊल अजून हवेतच आहे.

यावर उपाय म्हणजे दोन्ही क्लिपांच्या नोटिफाय ट्रॅकवर, पाऊल प्रथम टेकते त्या फ्रेमला सिंक मार्कर ठेवणे : डाव्यासाठी `L`, उजव्यासाठी `R`. आता हिशेब मार्करांमधल्या अंतराचा होतो. चाल फ्रेम ६ वर, म्हणजे `L` पासून `R` पर्यंतच्या वाटेवर ४० टक्के. धावेत `L` ते `R` हे अंतर १० फ्रेमचे, म्हणून धाव फ्रेम १० वर जाते. दोन्हीकडे डावे पाऊल टेकून सारखाच भाग लोटलेला असतो. नावे मात्र सर्व क्लिपांत तंतोतंत एकच हवीत, कारण ग्रुपमधल्या सर्व क्लिपांना समान असलेले मार्करच विचारात घेतले जातात. एकीकडे `L` आणि दुसरीकडे `Left` असेल, तर मार्कर दिसत असूनही त्यांचा उपयोग शून्य.

इथवर आल्यावर अनेकांना वाटते की पाऊल उचलण्याच्या क्षणालाही मार्कर दिला, तर मेळ आणखी घट्ट बसेल. तसे करू नका, असे मी आग्रहाने सांगेन. चालताना डावे पाऊल टेकल्यावर आधी उजवे उचलले जाते, कारण काही क्षण दोन्ही पावले जमिनीवर असतात. धावताना डावे टेकते आणि उजवे टेकण्यापूर्वी डावेच उचलले जाते. मध्ये दोन्ही पावले हवेत असतात. घटनांचा क्रमच वेगळा असल्यामुळे चालीतली लगतच्या मार्करांची जोडी धावेत सापडत नाही आणि मेळ बसण्याऐवजी बिघडतो. टेकण्याचे दोन मार्कर पुरेसे आहेत, कारण तेवढाच क्रम दोन्ही गतींत समान आहे.

याच फरकामुळे मार्करांची एक मर्यादाही आहे. चालताना पाऊल आवर्तनाचा साधारण ६० टक्के काळ जमिनीवर राहते, धावताना निम्म्याहून कमी. म्हणून वजन अर्धे-अर्धे असताना टेकणे जुळले तरी उचलणे जुळत नाही, आणि मागचा पाय किंचित घसरतो. वजन बराच काळ मध्यावर राहणार असेल, तर मध्ये संथ धावेची एक वेगळी क्लिप घालणे मला सर्वांत प्रामाणिक उपाय वाटतो. तिलाही तेच दोन मार्कर द्यावेत.

राहिली गती. दोन स्वतंत्र क्लिपा सिंक ग्रुपने बांधल्या असतील, तर आवर्तनाचा वेग अग्रणीचा असतो. वजन एकीकडून दुसरीकडे झुकले की अग्रणी बदलतो आणि पावलांचा ठेका एकदम बदलतो. ब्लेंड स्पेसमध्ये लांबीही वजनानुसार मिसळते, म्हणून ठेका हळूहळू वाढतो. सतत बदलणाऱ्या वेगासाठी मी चाल आणि धाव ब्लेंड स्पेसमध्येच ठेवतो.

तपासताना कन्सोलवर `slomo 0.2` द्या, वजन मध्यावर थांबवा आणि फक्त डाव्या घोट्याकडे पाहा. तो आवर्तनात एकदाच स्पष्टपणे खाली येत असेल, तर मार्कर जागेवर आहेत. खाली येता येता तो मध्येच रेंगाळत असेल, तर धावेची क्लिप उघडून `L` खरोखर टेकण्याच्या फ्रेमवर आहे का, ते आधी बघा.