तुम्ही विचारलंत म्हणून: तीस ग्रॅमचे वीस ग्रॅम

“या भयराज्याच्या कादंबऱ्यांत सरकारकडे घराघरांत पाळत असते, पोलीस असतात, छळकोठड्या असतात. मग जुनी वर्तमानपत्रं बदलत बसायची त्याला गरजच काय?”

वडोदऱ्याच्या एका ग्रंथालयात मी वर्तमानपत्रांच्या बांधीव फाइली सांभाळण्यात नोकरी घालवली, म्हणून असेल, पण दांडिया बाजारातल्या आमच्या वाचकमंडळात हा प्रश्न निघाला की सगळे माझ्याकडे पाहतात. माझे उत्तर असे आहे की पाळतीने माणसाचे वागणे बदलता येते, त्याची आठवण बदलता येत नाही. आणि ज्याला कालचे आठवते, तो आजच्या घोषणेशी त्याची तुलना केल्याशिवाय राहत नाही. ही तुलना मोडून काढायची तर कागद बदलावा लागतो, आणि कागद बदलल्यानंतरही जी आठवण उरते ती तोंडाबाहेर पडू नये म्हणून भीती लागते. म्हणजे ही तीन वेगवेगळी हत्यारे नसून एकाच कामाचे तीन टप्पे आहेत.

जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘१९८४’ या कादंबरीत हे काम एका फार क्षुल्लक वस्तूवरून दाखवले आहे, आणि ते क्षुल्लक आहे म्हणूनच मला महत्त्वाचे वाटते. नायक विन्स्टन स्मिथ सत्य मंत्रालयाच्या अभिलेख विभागात कारकून आहे. फेब्रुवारीत सरकारने आश्वासन दिलेले असते की वर्षभरात चॉकलेटचे रेशन कमी होणार नाही. आता ते तीस ग्रॅमवरून वीस ग्रॅमवर येणार आहे. विन्स्टनच्या टेबलावर नळीतून एक चिठ्ठी येते. तिचा आशय इतकाच की वर्तमानपत्राच्या अमुक तारखेच्या अंकात सरकारचे म्हणणे चुकीचे उद्धृत झाले आहे, ते दुरुस्त करावे. तो जुन्या आश्वासनाच्या जागी अशी सूचना लिहितो की एप्रिलच्या सुमारास रेशन कमी करावे लागण्याची शक्यता आहे. तो अंक नव्याने छापला जातो, मूळ प्रत नष्ट होते, नवी प्रत फाइलीत जाते. आणि विन्स्टन ती चिठ्ठी व स्वतःची टिपणे भिंतीतल्या एका भोकात टाकतो, तिथून ती थेट भट्टीत जातात. खोटे लिहा असे त्याला कोणी कधीही सांगत नाही. हुकमाची भाषा नेहमी छपाईची चूक, चुकीचे उद्धरण, आकड्यातली गफलत अशीच असते, त्यामुळे कारकुनाला स्वतःच्या नजरेतही मुद्रितशोधक म्हणून राहता येते.

इथे माझ्यातला फाइलवाला जागा होतो. वर्तमानपत्राची चूक दुसऱ्या दिवशीच्या अंकात खुलासा छापून सुधारायची असते आणि पुस्तकाची चूक शुद्धिपत्र जोडून. दोन्ही पद्धतींत मूळ चूक जिथल्या तिथे राहते आणि सुधारणा तिच्या शेजारी दिसते. सत्य मंत्रालयाच्या दुरुस्तीला शेजार नाही. एखाद्या दप्तराबद्दल शंका आली तर मी त्यात चुका किती आहेत हे पाहण्याआधी त्या सुधारल्याच्या खुणा आहेत का ते पाहीन. ज्या दप्तरात एकही खूण नाही, ते फार स्वच्छ असते आणि फार संशयास्पद असते.

पण कागद बदलून काम पुरे होत नाही, कारण तीस हा आकडा लोकांच्या डोक्यात अजून आहे. कपातीची घोषणा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी कार्यालयाच्या उपाहारगृहात टेलिस्क्रीनवरून, म्हणजे बातम्या देणाऱ्या आणि त्याच वेळी समोरच्यावर पाळत ठेवणाऱ्या भिंतीवरच्या पडद्यावरून, बातमी येते की रेशन वीस ग्रॅमपर्यंत वाढवल्याबद्दल नेत्याचे आभार मानण्यासाठी लोकांनी मिरवणुका काढल्या. चोवीस तासांत कपातीची वाढ झाली, आणि सगळे ऐकून घेतात. शेजारचा पार्सन्स मठ्ठपणे विश्वास ठेवतो. पलीकडच्या टेबलावरचा माणूस इतक्या त्वेषाने विश्वास ठेवतो, की मागच्या आठवड्यात तीस ग्रॅम होते असे जो म्हणेल त्याला तो पकडून देईल. विन्स्टनचा हुशार मित्र साइमसुद्धा विश्वास ठेवतो, फक्त त्याला त्यासाठी बुद्धीची जरा कसरत करावी लागते. विन्स्टनच्या मनात येते, की आठवण असलेला आपण एकटेच आहोत की काय.

खरे तर त्याला एवढेच विचारायचे होते, “अरे, परवापर्यंत तीस होते ना?” हे वाक्य त्याला उच्चारता येत नाही, आणि पाळतीचे खरे काम मला इथे दिसते. टेलिस्क्रीनमागे या क्षणी कोणी पाहत आहे की नाही, हे कळायला मार्ग नसतो, म्हणून प्रत्येक जण कायम पाहिले जात असल्यासारखाच वागतो. पुढे पार्सन्सला त्याची सात वर्षांची मुलगीच पकडून देते, तो झोपेत बरळला म्हणून. आणि कोठडीत बसून तो तिचे कौतुक करतो. अशा ठिकाणी दोन माणसे आपापली आठवण एकमेकांशी ताडून पाहू शकत नाहीत. आणि ताडून न पाहिलेल्या आठवणीबद्दल माणसाला स्वतःलाच शंका येऊ लागते. आपणच चुकत असू, असे म्हणणे सोयीचे पडते. म्हणजे सरकारने अर्धे काम छापखान्यात केले, उरलेले अर्धे नागरिकाने आपल्या डोक्यात फुकट करून दिले.

हे निव्वळ कल्पनेतले नाही. ऑर्वेल १९५० साली वारले. त्यानंतर सोव्हिएत गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याला १९५३ साली देहदंड झाला. अडचण अशी की बृहद् सोव्हिएत ज्ञानकोशाच्या ज्या खंडात त्याच्यावर लेख होता, तो खंड वर्गणीदारांच्या घरी पोहोचलेला होता. तेव्हा वर्गणीदारांना सोबत नवी पाने पाठवून कळवण्यात आले की जुनी पाने कात्रीने किंवा पात्याने कापून त्या जागी ही डकवावीत. नव्या पानांवर बेरिंग समुद्राची माहिती होती. कादंबरीत नळ्या आणि भट्ट्या आहेत. इथे पाते वाचकाच्याच हातात दिले होते. मात्र हीच या पद्धतीची मर्यादाही ठरली, कारण परदेशातल्या ग्रंथालयांना ती पाने कापण्याचे काहीच कारण नव्हते.

यावर मंडळातले तरुण म्हणतात की कागदाचे ठीक आहे, पडद्यावरचे पुस्तक तर कुठूनही पुसता येईल. बरोबर आहे, आणि जुलै २००९ मध्ये तसे घडलेही: हक्कांच्या वादामुळे ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून विकलेल्या काही प्रती परस्पर काढून घेतल्या, आणि त्यांत नेमकी ‘१९८४’ होती. सत्य मंत्रालयाला ज्यासाठी आख्खा अंक नव्याने छापावा लागला, ते काम इथे कोणाच्या दारात न जाता उरकले. पण ज्यांची पुस्तके गेली त्यांनी त्याच आठवड्यात गवगवा केला, एका विद्यार्थ्याने आपली टिपणे वाया गेली म्हणून दावा लावला, आणि कंपनीला माफी मागावी लागली. प्रत पुसण्याचे तंत्र ऑर्वेलच्या कल्पनेच्या पुढे गेले होते, उपाहारगृहातली भीती मात्र त्या ग्राहकांमध्ये नव्हती, म्हणून “काल होते ना?” हे त्यांना एकमेकांना विचारता आले.