पाळी न आलेल्या महिन्यांत अस्तराचं काय होतं: हायपरप्लासियाचा माझा अनुभव

मला पीसीओएस आहे हे विशीतच कळलं होतं. पाळी तीन-तीन, चार-चार महिने यायची नाही, मग कधीतरी येऊन जायची. तेव्हा डॉक्टरांशी जे काही बोलणं व्हायचं ते वजनाबद्दल, चेहऱ्यावरच्या केसांबद्दल आणि मूल होण्याबद्दल. पाळी येत नाही त्या महिन्यांत गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचं काय होत असतं, हे मला छत्तिसाव्या वर्षी समजलं, तेही बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडल्यावर. ते आधी कुणी नीट उलगडून सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

त्या वेळी पाच महिने पाळी नव्हती. मग सुरू झाली ती थांबेचना. दोन दिवस नुसते डाग, मग अचानक गाठी पडेपर्यंत अंगावरून जायचं, पुन्हा डाग. असं आठवडे चाललं. पोटात मात्र फारसं दुखत नव्हतं. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.२ निघालं. डॉक्टरांनी आधी गर्भ राहिलेला नाही ना ते पाहिलं, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनच्या तपासण्या केल्या, रक्तस्राव आटोक्यात आणायला गोळ्या आणि लोह सुरू केलं. सोनोग्राफीत अस्तराची जाडी १९ मिलिमीटर आली.

मी विचारलं, "मॅडम, पाळी येत नव्हती तर अस्तर जाड कसं झालं? उलट काहीच होत नव्हतं ना?"

त्या म्हणाल्या, "काहीच होत नव्हतं असं तुम्हाला वाटलं. वाढ रोज होत होती, थांबवणारं कुणी नव्हतं." मग त्यांनी कागदावर दोन रेघा काढल्या. एक इस्ट्रोजेनची, एक प्रोजेस्टेरॉनची, म्हणजे पाळी चालवणाऱ्या दोन संप्रेरकांची.

नेहमीच्या पाळीत पहिले दोन आठवडे इस्ट्रोजेनचे असतात. बीजकोषात एक पुटी वाढत असते, तिच्यातून इस्ट्रोजेन येतं आणि त्याच्या जोरावर अस्तरातल्या पेशी विभागत जातात, अस्तर जाड होतं. मग बीज सुटतं. बीज सुटल्यावर जी रिकामी पुटी उरते, तीच प्रोजेस्टेरॉन बनवायला लागते. इथेच सगळी मेख आहे. प्रोजेस्टेरॉनचा भरघोस पुरवठा बीज सुटल्याशिवाय होतच नाही, कारण तो बनवणारा कारखानाच बीज सुटल्यानंतर तयार होतो.

हे प्रोजेस्टेरॉन अस्तरावर दोन कामं करतं. पेशींची वाढ थांबवतं, कारण ते पेशींमधले इस्ट्रोजेनचे ग्राहक कमी करतं आणि तिथल्या इस्ट्रोजेनचं त्याच्या कमी ताकदीच्या रूपात रूपांतर करायला लावतं. आणि दुसरं म्हणजे अस्तराला पक्व करतं. साधारण चौदा दिवसांनी गर्भ राहिला नसेल तर ती पुटी सुकते, प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येतं, अस्तराच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि वरचा थर सगळीकडून एकाच वेळी सुटतो. म्हणून नेहमीची पाळी ठरावीक दिवसांत आटपते.

माझ्या बीजकोषात पुट्या अर्ध्या वाढून थांबत होत्या. बीज सुटत नव्हतं, म्हणजे दुसरी रेघ वर चढतच नव्हती. इस्ट्रोजेनची रेघ मात्र फार उंच नसली तरी महिनोन्‌महिने चालू होती. त्यात चरबीच्या पेशी अंगातल्या पुरुषी संप्रेरकांपासून थोडं थोडं इस्ट्रोजेन बनवत राहतात, आणि माझं वजन तेव्हा बरंच जास्त होतं. याला डॉक्टर 'अनअपोज्ड इस्ट्रोजेन' म्हणतात. इस्ट्रोजेन प्रमाणाबाहेर असायलाच हवं असं नाही. साधं, नेहमीच्या पातळीचं इस्ट्रोजेनही, सोबत प्रोजेस्टेरॉन नसेल आणि ते लांबत राहिलं, तर पुरेसं असतं. माझ्या रक्तातली पातळी काही फार चढलेली नव्हती.

असं वाढलेलं अस्तर एकसंध सुटत नाही. इतक्या वाढीला आधार पुरा पडत नाही. आज इथला तुकडा ढासळतो, उद्या तिथला. प्रोजेस्टेरॉन उतरल्याची खूण सगळीकडे एकदम पोहोचली तर रक्त थांबवायची यंत्रणाही सगळीकडे एकदम चालते, इथे तसं काहीच होत नाही. माझे ते डाग, मग पूर, पुन्हा डाग, याचं कारण हेच होतं. माझ्या मावशीला वाटलं की इतके महिने साठलेलं रक्त बाहेर पडतंय, एकदा जाऊ दे सगळं. तसं नव्हतं. साठलेलं काही बाहेर पडत नव्हतं, नुकतंच ढासळलेलं अस्तर आणि उघड्या रक्तवाहिन्यांतलं ताजं रक्त होतं ते.

एक गोष्ट मात्र इथे सांगायलाच हवी, कारण माझा अनुभव ऐकून दोन मैत्रिणी घाबरून गेल्या. पाळी न येणं म्हणजे अस्तर जाड होणं, असं नाही. बाळाला अंगावर पाजताना, किंवा फार कमी खाणं आणि जबर व्यायाम यामुळे पाळी बंद होते, तेव्हा इस्ट्रोजेनच खाली असतं, अस्तर पातळ असतं. (त्या व्यायामाच्या प्रकारात काळजी हाडांची करावी लागते, पण ते वेगळं.) कॉपर-टीसारखंच दिसणाऱ्या, पण हार्मोन सोडणाऱ्या साधनामुळे पाळी थांबते तेव्हाही अस्तर पातळच असतं, कारण तिथे प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध सतत मिळत असतं. प्रश्न पाळी आली का नाही एवढाच नाही. इस्ट्रोजेन चालू आहे का, आणि त्याच्या जोडीला दुसरं आहे का, हे विचारायचं. डॉक्टर प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या गोळ्या दहा-बारा दिवस देऊन थांबवतात आणि त्यानंतर पाळी येते, तेव्हा त्यातून हेही कळतं की अस्तर होतं आणि इस्ट्रोजेन काम करत होतं.

१९ मिलिमीटर या आकड्यावरून निदान होत नाही, हे मला त्याच वेळी सांगितलं गेलं. पाळी चालू असलेल्या वयात जाडी महिन्यातल्या दिवसाप्रमाणे बदलते, अमुक आकड्याच्या वर म्हणजे आजार अशी रेघ ओढता येत नाही. रजोनिवृत्तीनंतर रक्त गेलं तर ४ मिलिमीटरचा आकडा वापरतात, पण ती गोष्ट वेगळी. माझी पाळी वर्षानुवर्षं लांबत होती, वजन जास्त होतं, रक्तस्राव थांबत नव्हता, म्हणून अस्तराचा तुकडा तपासायचं ठरलं.

दवाखान्यातच, भूल न देता केलं. बारीक प्लास्टिकची नळी, आत दट्ट्या. नळी आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढतात आणि नळी फिरवत बाहेर काढतात, अस्तराच्या फिती आत ओढल्या जातात. जेमतेम मिनिटभर चालतं, पण ते मिनिट सोपं नाही. पाळीतल्या सगळ्यात वाईट कळेपेक्षा जोराची कळ आली, पाठीपर्यंत गेली आणि मग ओसरली. तासभर आधी दुखण्याची गोळी घ्यायला सांगितली होती, ती घ्याच. नळीतून फॉर्मॅलिनच्या बाटलीत जे पडलं ते मी पाहिलं: गुलाबी-करड्या, मऊ, दोऱ्यासारख्या तुकड्यांचा पुंजका. नेहमीपेक्षा बरंच निघालं, असं नर्स म्हणाल्या.

रिपोर्टवर लिहिलं होतं: एन्डोमेट्रियल हायपरप्लासिया विदाउट एटिपिया. घरात सगळ्यांनी हायपरप्लासिया म्हणजे कॅन्सर असंच धरलं. मावशी म्हणाली, "पिशवी काढून टाक बाई, कटकट नको."

डॉक्टरांनी रिपोर्टमधले दोन प्रश्न वेगळे करून दाखवले. पहिला प्रश्न, मांडणीचा. अस्तरात ग्रंथी असतात आणि त्यांच्यामध्ये आधार देणारी ऊती. इस्ट्रोजेन एकटंच फार काळ चाललं की ग्रंथींची संख्या वाढते, त्या वेड्यावाकड्या होतात, एकमेकींना खेटतात आणि मधली ऊती कमी पडते. याला हायपरप्लासिया म्हणतात. दुसरा प्रश्न, एकेका पेशीचा. पेशीचं केंद्रक मोठं, गोलसर, बेढब झालंय का, पेशींची रांग बिघडलीय का? तसं असेल तर एटिपिया. माझ्यात गर्दी होती, पण पेशी दिसायला नेहमीच्याच होत्या.

हा फरक फार मोठा आहे. एटिपिया नसेल तर वीस वर्षांत कॅन्सर होण्याचा धोका ५ टक्क्यांहून कमी, आणि कारण दूर झालं तर पुष्कळ जणींचं अस्तर आपोआपही पूर्वपदावर येतं. एटिपिया असेल तर धोका कितीतरी पटीने जास्त, शिवाय त्याच वेळी शेजारच्या भागात कॅन्सर असून तो तुकड्यात न आल्याची शक्यताही खरी असते. म्हणून तिथे गर्भाशय काढण्याचा सल्ला देतात. मूल हवं असणाऱ्यांना औषधाचा मार्ग असतो, पण फार बारीक देखरेखीखाली. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने जुने चार प्रकार मोडून हेच दोन ठेवले, त्यामुळे जुन्या रिपोर्टवर 'सिंपल' किंवा 'कॉम्प्लेक्स' दिसलं तरी आज आधी एटिपिया आहे का, हे बघतात.

उपचार म्हणजे जे नव्हतं ते देणं. दोन पर्याय होते: प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या गोळ्या रोज, खंड न पाडता, किमान सहा महिने, किंवा गर्भाशयात बसवायचं, त्याच जातीचं लेव्होनॉरजेस्ट्रेल हे औषध सोडणारं साधन. साधनातलं औषध थेट अस्तरावर पडतं, म्हणून परिणाम जास्त आणि अंगभर त्रास कमी. मी साधन घेतलं. पहिले काही महिने जवळजवळ रोज डाग लागायचे आणि मला वाटायचं, हे काम करत नाहीये. ते अपेक्षितच असतं, पण तेव्हा वैताग आला.

सहा महिन्यांनी, साधन जागेवर ठेवूनच, पुन्हा बायोप्सी झाली. नुसती सोनोग्राफी करून चालेल का असं मी विचारलं. नाही चालत, जाडी कमी झाली म्हणजे ग्रंथींची गर्दी गेली असं ठरत नाही. रिपोर्टमध्ये ग्रंथी विरळ आणि सुप्त, हायपरप्लासिया नाही असं आलं. त्यानंतरच्या सहा महिन्यांनी केलेली बायोप्सीही तशीच आली. लागोपाठ दोन रिपोर्ट चांगले आल्यावरच उपचार लागू पडला असं धरतात.

बीज सुटत नाही हे मूळ कारण मात्र अजून तिथेच आहे. साधनाची मुदत संपली की नवीन बसवायचं, नाहीतर दर एक ते तीन महिन्यांनी दहा-चौदा दिवस गोळ्या घेऊन अस्तर सुटू द्यायचं, असं ठरलं आहे. वजन थोडं कमी झालं आहे. ते आणखी उतरून बीज आपोआप नियमित सुटायला लागलं तर गोळ्यांची गरज राहणार नाही, आणि ते पाळीच्या तारखांवरून कळेल. साधन असतानाही मध्येच जोराचं रक्त गेलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच यायचं, हे डॉक्टरांनी फाइलवर लाल शाईने लिहून दिलं आहे.