‘आजोबा कायमचे झोपले’ असं लिहिलेलं पुस्तक नको

आज अंगणवाडीत चार वर्षांचं एक लेकरू दुपारी झोपायलाच तयार नव्हतं. आजा वारल्यावर घरी वाचून दाखवलेल्या पुस्तकात ‘आजोबा कायमचे झोपले’ असं होतं. या वयात मुलं शब्द जसाच्या तसा घेतात, मग झोपेचीच धास्ती बसते. ‘देवाघरी गेले’ म्हटलं, तर कोणत्या एसटीनं परत येतील, हा प्रश्न ठरलेला.

म्हणून पुस्तक आधी आपण वाचून पाहावं. त्यात ‘मेला’ हा शब्द हवा. श्वास थांबला, आता भूक लागत नाही, दुखत नाही, हेही हवं. कुत्रा मेल्याच्या गोष्टीत शेवटी लगेच नवं पिल्लू येत असेल, तर ते पुस्तक बाजूला ठेवा. वाचायचं दिवसा, मांडीवर घेऊन. ‘आजा कधी येईन?’ पुन्हा विचारलं, तर तेच पान उघडायचं, तेच उत्तर द्यायचं.