चुंबक लागलेलं घड्याळ आणि चुकीच्या जागी फिरवलेला रेग्युलेटर

माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर आलेल्या एका ऑटोमॅटिक घड्याळाची तक्रार साधी होती. महिनोन्‌महिने दिवसाला चार-पाच सेकंदांच्या फरकाने चालणारं घड्याळ एका सकाळी अचानक पुढे पळायला लागलं, आणि तेही दिवसाला सुमारे सात मिनिटं. मालकाने ते दुसरीकडे दाखवलं होतं. तिथे मागचं झाकण उघडून रेग्युलेटरचा, म्हणजे घड्याळाची गती कमी-जास्त करणारा, काटा वजा खुणेच्या बाजूला सरकवण्यात आला, त्यामुळे पुढे पळणं दोन मिनिटांवर आलं आणि तिथेच अडकलं. शिवाय आता रोजचा फरक सारखा राहत नव्हता. रात्री टेबलावर ठेवलं तर एक, हातात घातलं तर दुसराच.

सात मिनिटं ऐकायला फार वाटतात, पण हेअरस्प्रिंगच्या, म्हणजे बॅलन्स व्हीलला झुलवणाऱ्या बारीक वेटोळ्या स्प्रिंगच्या, हिशेबात ती किती लहान गोष्ट आहे हे आधी पाहू. दिवसाचे ८६,४०० सेकंद. सात मिनिटं म्हणजे ४२० सेकंद, म्हणजे साधारण अर्धा टक्का. बॅलन्स व्हील म्हणजे मागेपुढे झुलून घड्याळाची गती ठरवणारं चाक. त्याच्या एका झोक्याला लागणारा वेळ हेअरस्प्रिंगच्या लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. त्यामुळे अर्धा टक्का वेग वाढायला स्प्रिंगची कामाची लांबी फक्त एक टक्का कमी व्हावी लागते. स्प्रिंग १२ सेंटिमीटर लांब धरली तर हा एक टक्का म्हणजे १.२ मिलिमीटर. तेवढा तुकडा कामातून गळला की घड्याळ सात मिनिटं पुढे.

चुंबक नेमकं हेच करतं. स्प्रिंगच्या मिश्रधातूत लोखंड आणि निकेल असतं. जुन्या पोलादी स्प्रिंगच्या मानाने आजची स्प्रिंग बरीच कमी चुंबकीय होते, पण होते. वेटोळी एकमेकांपासून केसाएवढ्या अंतरावर असतात. त्यांच्यात चुंबकत्व शिरलं की स्प्रिंग आकसताना शेजारची दोन वेटोळी चिकटतात, थोडा वेळ एकत्र राहतात आणि ताण वाढला की सुटतात. चिकटलेला भाग वाकत नाही, म्हणून तेवढ्या काळापुरती स्प्रिंग आखूड आणि ताठर होते. बॅलन्स लवकर परततो. सेकंदाला आठ ठोके देणाऱ्या मशीनमध्ये हे दिवसभर चालू राहतं.

रोजचा फरक का बदलत होता, तेही यातूनच कळतं. घड्याळ पालथं, उताणं की उभं आहे यावर वेटोळी किती झुकतात हे ठरतं, आणि झोका केवढा आहे यावर ती किती जवळ येतात हे. म्हणून चिकटण्याचं प्रमाण प्रत्येक स्थितीत वेगळं. घड्याळाचे ठोके ऐकून त्याची गती दाखवणाऱ्या टाइमग्राफरवर तसंच दिसलं. डायल वर ठेवल्यावर दिवसाला +१२५ सेकंद, डायल खाली +४०, चावी देण्याची कळ खाली धरल्यावर +३१०. पडद्यावर ठिपक्यांच्या दोन समांतर रेषा याव्यात, तिथे विस्कटलेला पट्टा येत होता. पूर्ण चावी दिलेली असूनही ॲम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्सच्या झोक्याची व्याप्ती, २३५ अंशांच्या आसपास होतं. या मशीनचं निरोगी ॲम्प्लिट्यूड २८० च्या वर असतं. नुसता रेग्युलेटर हलला असता तर सगळ्या स्थितींत आकडा जवळपास सारख्याच प्रमाणात बदलला असता आणि रेषा सरळ राहिल्या असत्या. निदानात मी सगळ्यात आधी हेच बघतो.

तरीही चुंबकावर थेट शिक्का मारता येत नाही, कारण आणखी दोन गोष्टी अशीच लक्षणं दाखवतात. घड्याळ आपटलं की एखादं वेटोळं रेग्युलेटरच्या पिनेवर किंवा शेजारच्या वेटोळ्यावर अडकतं. हे भिंगातून लगेच दिसतं, स्प्रिंग एका बाजूला ओढलेली असते. दुसरं म्हणजे तेल. तेलाचा एक सूक्ष्म थेंब वेटोळ्यांमध्ये गेला तरी ती चिकटतात, आणि बाहेरून हे चुंबकासारखंच दिसतं. तेल असेल तर डिमॅग्नेटाइझ केल्याने काहीच बदलत नाही. मग बॅलन्स काढून स्प्रिंग धुण्यावाचून पर्याय नसतो.

चुंबकाची खात्री करायला साधं होकायंत्र पुरतं, पण बहुतेक जण ते चुकीच्या पद्धतीने वापरतात. घड्याळ जवळ नेलं आणि सुई हलली म्हणजे चुंबक लागलं, असं नसतं. आत पोलादी मेनस्प्रिंग आहे, चाकांचे पोलादी दांडे आहेत, आणि साधं पोलादही सुईला थोडं ओढतं. घड्याळ सुईच्या एका टोकाजवळ धरून हळूहळू फिरवावं. कुठल्याही बाजूने फक्त ओढच जाणवली तर निष्कर्ष काढू नये. एका बाजूने सुई ओढली गेली आणि दुसऱ्या बाजूने ढकलली गेली तर शंका उरत नाही, कारण चुंबक नसलेलं पोलाद ढकलू शकत नाही. या घड्याळाने सहा वाजण्याच्या बाजूने सुई स्पष्ट ढकलली. मोबाइलमधल्या कंपासनेही अंदाज येतो, पण मोबाइलमध्ये स्पीकरचं चुंबक असतं. घड्याळ त्याला टेकवून तपासायचं म्हणजे तपासणीतच नवं चुंबकत्व देण्याचा धोका.

आता उपाय. डिमॅग्नेटायझर म्हणजे मुळात एक कॉइल, तिच्यातून उलटसुलट वाहणारा विजेचा प्रवाह जातो. ५० हर्ट्झच्या विजेवर तिचं क्षेत्र सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतं. त्यात ठेवलेलं पोलाद एकदा एका दिशेने, लगेच उलट दिशेने चुंबकीय होत राहतं. नुसतं असं उलटसुलट केल्याने चुंबकत्व जात नाही. ते जातं क्षेत्र हळूहळू कमी होत गेल्याने. प्रत्येक पालटीला पोलादात आधीपेक्षा थोडं कमी चुंबकत्व उरतं, पुढच्या पालटीला त्याहून कमी, आणि शेवटी जवळपास शून्य. झोपाळ्याला पुढचा झोका न देता सोडलं की तो लहान लहान हेलकावे घेत मध्यावर थांबतो, तसं. म्हणून घड्याळ कॉइलमध्ये ठेवण्यापेक्षा तिथून बाहेर काढणं महत्त्वाचं आहे.

मी घड्याळाचा पट्टा काढला, कारण बकलची स्प्रिंग आणि पट्ट्याच्या बारीक पिनाही चुंबकीय झालेल्या असू शकतात. त्या मशीनजवळ राहिल्या की होकायंत्र फसवतं, म्हणून पट्ट्याचं चुंबकत्व नंतर वेगळं घालवायचं. घड्याळ लाकडी चिमट्यात धरून कॉइलच्या मध्यात नेलं, बटण दाबलं आणि दाबलेलंच ठेवलं. मग सरळ रेषेत, झटका न देता, चार सेकंदांत सुमारे अर्धा मीटर लांब नेलं, आणि तिथे पोचल्यावर बटण सोडलं. चार सेकंदांत सुमारे चारशे पालटी होतात. खरं काम कॉइलच्या तोंडापासूनच्या पहिल्या १० सेंटिमीटरमध्ये होतं, कारण क्षेत्र तिथेच झपाट्याने उतरतं, म्हणून तेवढं अंतर मुद्दाम सावकाश पार करावं. नंतर घड्याळ नव्वद अंशांत वळवून पुन्हा, आणि उभं धरून पुन्हा. कॉइल एकाच दिशेने काम करते, आतले भाग मात्र सगळ्या दिशांना असतात.

बिघडतं ते बटणामुळे. घड्याळ कॉइलमध्ये असतानाच बटण सोडलं तर शेवटच्या अर्ध्या पालटीचं चुंबकत्व आत तसंच राहतं, आणि कधी कधी आधीपेक्षा जास्त. यंत्रात दोष आहे असं वाटून लोक तेच पुन्हा करतात आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा बघतात. झटक्याने ओढून काढलं तरी पालटी कमी पडतात. स्वस्त कॉइल पाच-दहा सेकंदांत तापते, म्हणून प्रत्येक फेरीनंतर तिला थोडी उसंत द्यावी. काही यंत्रं मात्र स्वतःच मंदावत जाणारा विजेचा स्पंद सोडतात. त्यांच्यात घड्याळ हलवायचं नसतं, जागेवरच ठेवून बटण दाबायचं. यंत्र कोणत्या जातीचं आहे हे आधी बघून घ्यावं.

तीन फेऱ्यांनंतर होकायंत्राने कुठल्याही बाजूने ढकल दाखवली नाही. टाइमग्राफरवर रेषा सरळ आल्या, ॲम्प्लिट्यूड २८४ झालं. पण गती आली -२९०. मालक समोरच होते. म्हणाले, "अहो, आता तर पाच मिनिटं मागे! काही तुटलं का?"

काही तुटलं नव्हतं. रेग्युलेटरच्या पिना वजा बाजूला नेल्या की स्प्रिंगची कामाची लांबी वाढते आणि घड्याळ मंदावतं. चुंबकाने स्प्रिंग आखूड केली होती, आणि आधीच्या दुरुस्तीत ती तेवढ्यासाठी लांब केली गेली. दोन चुका एकमेकींना अर्धवट झाकत होत्या. चुंबक गेल्यावर दुसरी उघडी पडली. झाकण काढून रेग्युलेटर खाचेतल्या जुन्या ओरखड्याजवळ परत आणला, मग टाइमग्राफर बघत बारीक सरकवला. डायल वर +५, चावी खाली -२. रेग्युलेटर खूप सरकवलेला असेल तर पिनांच्या मध्ये स्प्रिंग नीट मध्यावर आहे ना, हेही भिंगातून बघावं. इथे ती होती. त्यामुळे कुठल्याही अचानक पुढे पळणाऱ्या घड्याळाला आधी होकायंत्र लावावं आणि रेग्युलेटरला त्यानंतरच हात लावावा.

चुंबक कुठून आलं, हे विचारल्यावर कळलं की मालक रात्री घड्याळ टॅब्लेटच्या झाकलेल्या कव्हरवर ठेवत. त्या कव्हरच्या कडेला बंद होण्यासाठी चुंबकं असतात. साधं चुंबकरोधक घड्याळ आयएसओ ७६४ मानकानुसार ४,८०० अँपिअर प्रति मीटर, म्हणजे सुमारे ६० गाउस क्षेत्र सोसून दिवसाला ३० सेकंदांच्या आत राहायला हवं. पण लहानशा निओडिमियम चुंबकाच्या पृष्ठभागावर हजारांत गाउस असू शकतात. अंतर मात्र मोठा आधार आहे. चुंबकाच्या आकाराच्या मानाने दूर गेलं की क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं, अंतर दुप्पट झालं की ते आठव्या हिश्श्यावर येतं. कव्हरच्या कडेपासून वीतभर लांब ठेवलेल्या घड्याळाला काही होत नाही. चिकटून ठेवलेल्याला एक रात्र पुरते.

काही घड्याळांना ही पद्धत तशीच लावता येत नाही. मशीनभोवती मऊ लोखंडाचं कवच असलेल्या घड्याळांत ते कवच कॉइलचं क्षेत्रही अडवतं, त्यामुळे आतलं चुंबकत्व घालवायचं तर मशीन बाहेर काढून करावं लागतं. सिलिकॉनची हेअरस्प्रिंग स्वतः चुंबकीय होत नाही, मग वेगातला बदल दुसरीकडे शोधायचा. आणि क्वार्ट्झ घड्याळ कॉइलमध्ये घालू नये. त्याच्या मोटारीचा रोटर म्हणजेच एक कायमचं चुंबक असतं आणि घड्याळ त्याच्यावरच चालतं.