चार रेघा आल्या, तरी नेमणूक जमेना

चार वायरमन, चार साइट आणि प्रत्येकाचा प्रत्येक साइटवरचा मजुरी-भाड्याचा खर्च. एकेकाला एकेकच साइट द्यायची आणि एकूण खर्च कमीत कमी ठेवायचा, तोही हंगेरियन पद्धतीने. आकडे शेकडा रुपयांत:

```
साइट   १   २   ३   ४
क     १०   ६   ९  ११
ख      ७   ४   ८  १०
ग      ९   ७   ६  १२
घ     १०   ८   ९   ९
```

प्रत्येक ओळीतून तिचा सर्वात लहान आकडा वजा केला, मग प्रत्येक स्तंभातून त्याचा. इथवर पाच मिनिटंही लागली नाहीत.

```
क   २  ०  ३  ४
ख   १  ०  ४  ५
ग   १  १  ०  ५
घ   ०  ०  १  ०
```

नेमणूक शून्य असलेल्या जागीच करायची. ती जमेल का हे बघायला आता सगळी शून्यं आडव्या-उभ्या रेघांनी झाकायची. माझ्या हातातल्या क्लासच्या नोट्समध्ये एवढंच छापलेलं: 'रेघा ओळींइतक्या आल्या की उत्तर मिळालं.' चारही ओळींवर आडव्या रेघा ओढल्या की सगळी शून्यं झाकली जातात, रेघाही चार होतात! पण क आणि ख या दोघांनाही शून्य फक्त साइट २ वर आहे. मग नेमणूक होणार कशी? रेघा कमीत कमी हव्यात, हा एक शब्द नोट्समधून गाळलेला. त्यापायी माझी अख्खी संध्याकाळ गेली, त्याचा राग अजून आहे.

कमीत कमी रेघा डोळ्यांनी शोधत बसू नका. आधी जमतील तेवढी शून्यं वाटा: कला २, गला ३, घला ४. ख उरला, त्याच्या ओळीला खूण करा. त्या ओळीतलं शून्य स्तंभ २ मध्ये आहे, म्हणून त्या स्तंभाला खूण. तो स्तंभ कला दिलेला, म्हणून क च्या ओळीलाही खूण. आता खूण नसलेल्या ओळी (ग, घ) आणि खूण असलेला स्तंभ (२) यांवर रेघा ओढा. तीनच झाल्या, म्हणजे काम बाकी आहे.

न झाकलेल्या आकड्यांत सर्वात लहान १. तो सगळ्या उघड्या आकड्यांतून वजा करायचा आणि जिथे दोन रेघा छेदतात तिथे मिळवायचा. एका रेघेखालचे आकडे तसेच ठेवायचे. एवढं केल्यावर ख ला साइट १ वर शून्य मिळालं आणि गाठ सुटली: क-२, ख-१, ग-३, घ-४. मूळ तक्त्यातून बेरीज ६+७+६+९ = २८, म्हणजे २८०० रुपये.

पडताळा आधीच सांगायला हवा होता. सुरुवातीला वजा केलेल्या आकड्यांची बेरीज २७ होती, त्याखाली खर्च जाऊच शकत नाही. चारऐवजी तीन रेघा, म्हणून त्यात १×(४−३) मिळवा: २८. जुळलं!

आमचा मुकादम 'ख ला साइट २ द्या, तिथे तो सर्वात स्वस्त' म्हणत होता. तसं केलं की उरलेल्यांची सर्वात स्वस्त वाटणी धरूनही बेरीज २९ येते.

वायरमन पाच असतील तर शून्यांचा एक खोटा स्तंभ जोडा; तो ज्याच्या वाट्याला येईल त्याला सुट्टी. एखाद्याला एखादी साइट चालतच नसेल तर तिथे शून्य लिहू नका, भलामोठा आकडा लिहा.