फाईल डिलीट झाली, चावी चालूच राहिली

निपाणीकडच्या एका सौहार्द सहकारीचं संगणकाचं काम मी बघतो. सभासदांच्या खात्यांचं सॉफ्टवेअर बाहेरच्या एका कंपनीनं करून दिलेलं आहे. त्या कंपनीतल्या कुणीतरी आमचा कोड गिटहबवर उघड्या रेपोत टाकला, आणि त्यात आमच्या ॲमेझॉनवरच्या क्लाऊड खात्याची चावी होती. मला ते ॲमेझॉनच्या मेलवरून कळलं. उघड्या रेपोत `AKIA`नं सुरू होणारी चावी दिसली की गिटहब ॲमेझॉनला कळवतं आणि ॲमेझॉन त्या चावीच्या युजरवर निर्बंध घालतं. त्यामुळे नवी मशीन सुरू करण्यासारखी काही कामं अडतात, पण चावी बंद होत नाही. ती आपणच बंद करायची असते.

कंपनीला कळवलं, तर उत्तर आलं: फाईल डिलीट केली आहे, तिकीट बंद करत आहोत. मी तिकीट पुन्हा उघडलं, त्यांनी पुन्हा बंद केलं. शेवटी चिकोडी शाखेतल्या मॅडमना फोन दिला. त्यांनी कन्नडमधून खडसावलं तेव्हा कुठे एक जाणता माणूस फोनवर आला. त्याला मी ही एक ओळ चालवायला लावली:

```
git log --all -p -S 'AKIA'
```

जुन्या कमिटमध्ये चावी आणि तिची गुप्त जोडी जशीच्या तशी दिसली. आज फाईल काढली तरी गिटचा इतिहास ती जपून ठेवतो. इतिहास पुसला तरी ज्यानं मधल्या काळात क्लोन किंवा फोर्क केला, त्याच्याकडे ती राहतेच. उघडी पडलेली चावी चोरीला गेली असंच धरायचं आणि बदलायची, हे त्यांना पटवण्यात माझा सगळा वेळ गेला. त्याचा राग अजून गेलेला नाही.

चावी बदलणं तसं सोपं निघालं. एका युजरला दोन चाव्या ठेवता येतात. दुसरी तयार केली, सर्व्हरवर घातली आणि जुनी शेवटची कधी वापरली गेली ते पाहिलं:

```
aws iam get-access-key-last-used --access-key-id <id>
```

ही वेळ पुढे सरकत राहिली, तर कुठेतरी दुसरं मशीन किंवा परका माणूस ती वापरतोय. आमच्याकडे ती कंपनीच्या ऑफिसमधली रिपोर्टची स्क्रिप्ट निघाली. मग जुनी चावी आधी `Inactive` केली, कारण काही अडलं तर ती परत चालू करता येते. सगळं नीट चालतंय असं दिसल्यावर डिलीट केली.

खरी धास्ती वेगळीच होती. त्याच फाईलमध्ये रात्रीच्या बॅकअपची एन्क्रिप्शन चावीही होती, आणि ती बंद करण्याचं बटण कुठेच नसतं. कुणी जुना बॅकअप उतरवून घेतला असेल, तर तो त्या चावीनं कायम उघडेल. घेतला का, हेही सांगता येईना, कारण बॅकअप ठेवलेल्या बकेटमधली कुठली फाईल कुणी वाचली याची नोंद क्लाऊडट्रेल ही ॲमेझॉनची नोंदी ठेवणारी सेवा आपणहून ठेवत नाही. ती सोय आधीच चालू करून ठेवावी लागते. तुम्ही आजच करा. शिवाय असं काही लक्षात आलं की सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावं लागतं, 2022च्या निर्देशांनुसार. कंपनीच्या तिकिटाची वाट बघत ते थांबवू नका.

आता बॅकअपची मुख्य चावी केएमएसमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या एचएसएम या चाव्या सांभाळणाऱ्या सुरक्षित यंत्रात, तयार होते आणि तिथून उघड्या स्वरूपात बाहेर येत नाही. दर रात्रीच्या फाईलसाठी नवी चावी बनते. ती मुख्य चावीनं बंद होऊन फाईलसोबतच राहते. ती उघडायची तर एचएसएमलाच विनंती करावी लागते, आणि अशा प्रत्येक विनंतीची नोंद होते. सर्व्हरला रोल दिलाय, तात्पुरत्या चाव्या त्याला आपोआप मिळतात, त्यामुळे कोडमध्ये ठेवायला काही उरलंच नाही. सर्व्हरमध्येच कुणी घुसला तर तोही एचएसएमकडून फाईल उघडून घेईल, हे मात्र खरं. पण मुख्य चावी त्याच्या हाती लागणार नाही, आणि त्याला बाहेर काढलं की त्याचं उघडणंही थांबेल.

जुने बॅकअप नव्या पद्धतीनं पुन्हा एन्क्रिप्ट केले आणि आधीच्या प्रती काढून टाकल्या. केएमएसमधली मुख्य चावी डिलीट करायला 7 ते 30 दिवसांची मुदत ठेवावी लागते, तोवर ते रद्द करता येतं. मुदत संपली की त्या चावीचे बॅकअप कुणालाच उघडता येत नाहीत, म्हणून तो अधिकार मी आमच्या व्यवस्थापकांकडे ठेवलाय, कंपनीकडे दिलेला नाही.